बिलं वेळेवर भरूनही बँकेने लिमिट का कापली?

वाचकाचं पत्र

मी 36 वर्षांची आहे, नाशिकला एका खासगी कंपनीत नोकरी करते. सात वर्षं एकच क्रेडिट कार्ड मुख्य म्हणून वापरते. महिन्याला साधारण 45 हजारांचा खर्च होतो आणि बिल नेहमी पूर्ण आणि वेळेत भरते. लिमिट 3 लाख होती. गेल्या महिन्यात मेसेज आला की ती आता 75 हजार आहे. कस्टमर केअरला विचारलं तर ‘अंतर्गत धोरण’ एवढंच उत्तर. गेल्या वर्षी भावाच्या लग्नासाठी एका ॲपवरून अडीच लाखांचं पर्सनल लोन घेतलं, त्याचे हप्ते वेळेवर जातात. दुसऱ्या एका बँकेचं 1 लाख लिमिटचं कार्ड आहे, त्यावर 64 हजार बाकी आहेत. तिथे तीन महिने फक्त मिनिमम ड्यू भरतेय, पण तेही वेळेत. सहा महिन्यांत नवऱ्याबरोबर होम लोन घ्यायचंय. संताप असा आलाय की हे कार्ड बंद करून दोन-तीन बँकांकडे नवीन कार्डांसाठी अर्ज करावेत. माझं चुकलं काय?

उत्तर

चुकलं म्हणावं असं तुम्ही काही केलेलं नाही. पण ‘माझं चुकलं काय’ या प्रश्नातच एक समजूत दडलेली आहे. लिमिट म्हणजे चांगल्या वागणुकीचं बक्षीस आणि ती कापणं म्हणजे शिक्षा, असं आपण धरून चालतो. बँकेच्या लेखी लिमिट म्हणजे ‘ही बाई मागेल तेव्हा, न विचारता, आपण हिला जास्तीत जास्त किती उधार देऊ’ याचा आकडा. तो एकदा ठरवून कपाटात ठेवला जात नाही, ठरावीक काळाने पुन्हा तपासला जातो. त्या तपासणीत तुम्ही काल काय केलं याच्याइतकंच, उद्या तुमची ओढाताण होईल का, हेही पाहतात.

दुसरी समजूत अशी की बँक फक्त स्वतःच्या कार्डाकडे बघते. तसं असतं तर तुमच्यासारख्या ग्राहकाची लिमिट कापायचं कारणच नव्हतं. पण कार्ड देणाऱ्या बँका वेळोवेळी आपल्या सगळ्या कार्डधारकांचे क्रेडिट रिपोर्ट सिबिलसारख्या कंपन्यांकडून मागवून घेतात. ही तपासणी तुमच्या अर्जावरून झालेली नसते, त्यामुळे स्कोअरला तिचा धक्का लागत नाही आणि तुम्हाला तिचा पत्ताही लागत नाही. त्या रिपोर्टमध्ये बँकेला तुमचं दुसरं कार्ड दिसतं, ॲपवरचं कर्ज दिसतं, प्रत्येकाची बाकी आणि हप्त्यांचा इतिहास दिसतो.

आता तुमचा रिपोर्ट तिच्या नजरेने वाचू. वर्षभरात अडीच लाखांचं बिनतारण कर्ज वाढलं. दुसऱ्या कार्डाची 64 टक्के लिमिट वापरात आहे आणि गेले तीन महिने तिथली बाकी जेमतेम हलतेय. यातली एकही गोष्ट ‘थकबाकी’ नाही, पण एकत्र वाचली तर ‘हातातला पैसा आटतोय’ असा अर्थ निघतो. शिवाय पहिल्या कार्डावर 2 लाख 55 हजार रुपये न वापरलेले पडून होते. तुम्हाला तो अडीनडीचा आधार वाटत होता, बँकेला तीच धास्ती वाटते. कारण अडचणीत आलेला माणूस हप्ते थांबवण्याआधी बहुतेक वेळा हाताशी असलेली सगळी कार्डं शेवटपर्यंत उपसतो. म्हणून बँक वापरलेल्या रकमेला हात लावत नाही, न वापरलेली मोकळी जागा काढून घेते. तुमची नवी लिमिट तुमच्या नेहमीच्या खर्चाच्या थोडी वर आणून ठेवलीय, ती याच हिशोबाने असावी.

कधीकधी ग्राहकाचं काहीच नसतं, बँकेचं स्वतःचं गणित बदललेलं असतं. रिझर्व्ह बँकेने 16 नोव्हेंबर 2023 ला बिनतारण ग्राहक कर्जांवरची जोखीम वाढवून धरायला सांगितलं. क्रेडिट कार्डधारकांकडून बँकांना येणं असलेल्या रकमेवर ती 125 टक्क्यांवरून 150 टक्के झाली. म्हणजे किमान 9 टक्के भांडवलाच्या हिशोबाने, कार्डावरच्या 100 रुपयांच्या उधारीमागे बँकेला पूर्वी सव्वाअकरा रुपये स्वतःचे बाजूला ठेवावे लागत, ते साडेतेरा झाले. बिनतारण कर्जांना संचालक मंडळाने मर्यादा घालावी, असंही त्याच वेळी सांगितलं गेलं. अशा काळात बँक आपल्या यादीला कात्री लावते आणि त्या कात्रीत चांगले ग्राहकही सापडतात. ‘अंतर्गत धोरण’ या दोन शब्दांत हे सगळं मावतं, म्हणून फोनवरची मुलगी त्यापलीकडे काही सांगू शकत नाही. बहुधा तिच्या स्क्रीनवरही कारण दिसत नसतं.

इतर वाचकांसाठी आणखी काही कारणं. कार्डावरून घरभाड्याच्या नावाखाली नातेवाइकाच्या खात्यात पैसे फिरवणं, महिन्याला अनेकदा वॉलेट भरणं, वैयक्तिक कार्डावर दुकानाचा माल उचलणं हे बँकेच्या यंत्रणेला लगेच दिसतं आणि त्यावर लिमिट कापून न थांबता कार्डही बंद होतं. उलट, वर्षाहून जास्त काळ कार्ड वापरलंच नाही तरी ते बंद होऊ शकतं. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार त्याआधी बँकेने कळवायला हवं, आणि 30 दिवसांत तुमचं उत्तर आलं नाही तर ती खातं बंद करू शकते. मोबाइल नंबर किंवा ई-मेल बदललेल्यांना ही सूचना पोचतच नाही आणि मग ‘अचानक बंद केलं’ अशी तक्रार होते.

आता तुमचं खरं नुकसान कुठे होतंय ते पाहा. राग कापलेल्या सव्वादोन लाखांचा आहे, पण होम लोनच्या दृष्टीने दुखणं वेगळंच आहे. स्कोअर काढताना एकूण लिमिटपैकी किती टक्के वापरात आहे हे बघतात. आधी दोन्ही कार्डांची मिळून लिमिट 4 लाख होती आणि बाकी 45 अधिक 64, म्हणजे 1 लाख 9 हजार. वापर साधारण 27 टक्के. आता लिमिट 1 लाख 75 हजार आणि बाकी तेवढीच. वापर 62 टक्के. तुम्ही एक रुपयाही जास्त खर्च केला नाही, तरी कागदावर दुपटीहून जास्त कर्जात दिसता. आणि हा आकडा पाहून दुसरी बँकही लिमिट कापू शकते. एकीने कापली की दुसरीला जास्त वापर दिसतो, तीही कापते, अशी ही साखळी लागते. म्हणून पहिलं काम ही टक्केवारी खाली आणणं. बँकेशी भांडण त्यानंतर.

त्यासाठी सुरुवात लिमिट न कापलेल्या दुसऱ्या कार्डापासून करा. व्याज महिना साडेतीन टक्के धरलं (तुमचा दर स्टेटमेंटवर छापलेला असतो), तर 64 हजारांवर महिन्याला 2,240 रुपये व्याज आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे सुमारे 400 रुपये लागतात. मिनिमम ड्यू 5 टक्के म्हणजे 3,200 रुपये. त्यातले साडेसव्वीसशेच्या आसपास व्याज-करातच जातात, मूळ रक्कम जेमतेम साडेपाचशेने घटते. शिवाय मागची बाकी असेपर्यंत त्या कार्डावरच्या नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. तेव्हा त्या कार्डावर खरेदी आजपासून बंद. एखादी छोटी मुदत ठेव किंवा बचत मोडून 40 हजार भरता आले तर जरूर भरा. ठेवीवर मिळणारं वर्षाचं व्याज या कार्डाच्या दोन-तीन महिन्यांच्या व्याजाइतकंही नसतं. ठेव नसेल तर त्याच बँकेला बाकी रकमेचे हप्ते पाडून मागा. हप्त्यांचा दर कार्डाच्या नेहमीच्या व्याजाहून बराच कमी असतो. फक्त प्रोसेसिंग फी विचारून घ्या.

पहिल्या कार्डावर खर्च तोच ठेवा, भरण्याची वेळ बदला. बिल येईपर्यंत थांबू नका. महिन्याच्या मध्यावर एकदा आणि स्टेटमेंटच्या तारखेच्या तीन-चार दिवस आधी एकदा, असे झालेल्या खर्चाचे पैसे भरून टाका. 1 जानेवारी 2025 पासून बँकांना क्रेडिट माहिती कंपन्यांकडे दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, महिन्याची 15 तारीख आणि शेवटचा दिवस धरून. त्या सुमारास बाकी कमी असेल तर रिपोर्टवर कमीच दिसेल. समजा या कार्डावर 15 हजार आणि दुसऱ्यावर 24 हजार बाकी दिसली, तर 1 लाख 75 हजारांवर वापर 22 टक्के झाला. म्हणजे लिमिट परत न मिळवताही तुम्ही आधीपेक्षा बऱ्या जागी याल.

यात एक खाचखळगा आहे. बाकी कमी केली की बँक पुन्हा लिमिट कापणार नाही, याची हमी नाही. काही वेळा बाकी जशी उतरते तशी लिमिटही मागोमाग उतरत जाते. तरीही भरायचंच, कारण व्याज आपलं वाचतं. मात्र ‘कार्ड आहे ना’ म्हणून आजारपणासाठी वेगळे पैसे न ठेवणारी बरीच घरं मी पाहते. कार्डाची लिमिट बचतीत धरू नका.

आता कार्ड बंद करण्याविषयी. आज बंद केलंत तर एकूण लिमिट 1 लाखावर येईल आणि 64 हजारांच्या बाकीवर वापर दिसेल 64 टक्के, तोही पहिल्या कार्डावर शून्य बाकी धरून. शिवाय सात वर्षांचं जुनं, एकही डाग नसलेलं खातं पुढे चालत राहिलं तर तुमच्याच बाजूने बोलतं. बँकेला मात्र काही फरक पडत नाही, तिला हवं होतं ते झालेलंच असतं. वार्षिक फी खुपत असेल तर बिनफीच्या प्रकारात बदलून मागा. होम लोन हातात पडल्यावर हवं तर खुशाल बंद करा. तेव्हा लेखी विनंती द्या. सगळी बाकी भरलेली असेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायला हवं, नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये तुम्हाला द्यावे लागतात.

नवीन अर्जही आत्ता नकोत. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर नोंदते आणि लिमिट नुकतीच कापलेली असताना तीन चौकश्या एका ओळीत दिसल्या की वाचणारा अधिकारी एकच अर्थ लावतो. कार्ड हवंच असेल तर मुदत ठेवीवर मिळणारं घ्या. तिथे बँकेकडे तारण असतं, त्यामुळे नकाराचा धोका फारसा नाही.

मग बँकेला विचारायचं काय? ‘का कापली’ या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही हे आता तुम्हाला माहीत आहे. फोनऐवजी ई-मेल करा आणि ज्यांचं उत्तर देता येईल असे प्रश्न घाला. ही कपात कायमची आहे की ठरावीक काळाने फेरविचार होतो? क्रेडिट रिपोर्टवरून केली असेल तर कोणत्या कंपनीच्या? माझ्या उत्पन्नाची तुमच्याकडची नोंद कोणत्या वर्षाची आहे? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा. सात वर्षांपूर्वीचा पगार नोंदवलेला असेल आणि कर्ज मात्र आजचं दिसत असेल, तर गणित तुमच्या विरुद्ध जाणारच. गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि आयकर विवरणपत्र सोबत जोडून फेरविचार मागा. पण हे पत्र दुसऱ्या कार्डाची बाकी उतरल्यावर, दोन-तीन महिन्यांनी पाठवा. आज पाठवलंत तर ते त्याच रिपोर्टवर नजर टाकून नकार देतील.

हक्क किती ताणता येतो तेही समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे लिमिट वाढवायला तुमची स्पष्ट संमती लागते, कमी करायला लागत नाही. कमी केल्यावर कळवणं मात्र बंधनकारक आहे. तुम्हाला मेसेज आला, म्हणजे ती अट पाळली गेली. किती लिमिट द्यावी हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो आणि अशा निर्णयांच्या तक्रारी रिझर्व्ह बँकेचे लोकपाल घेत नाहीत. ज्यांना काहीच न कळवता लिमिट कापली, आणि त्यामुळे विम्याचा हप्ता नाकारला गेला किंवा जादा दंड लागला, त्यांची तक्रार मात्र सेवेतल्या त्रुटीची आहे. ती आधी बँकेकडे लेखी करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर नोंदवता येते, शुल्क नाही.

विम्याच्या हप्त्यावरून आठवलं. तुमच्या कार्डावर कापून जाणाऱ्या रकमांची यादी आजच करा. 75 हजारांत 45 हजारांचा खर्च आणि वर्षातून एकदा येणारा आरोग्य विम्याचा मोठा हप्ता एकत्र बसेल का, ते तपासा. बसत नसेल तर तो बँक खात्यावर वळवा. आणि ज्यांची बाकीच नव्या लिमिटपेक्षा जास्त भरते आहे, त्यांनी पुढचं स्टेटमेंट नीट वाचावं. अनेक बँकांच्या अटींनुसार लिमिटच्या वरची रक्कम मिनिमम ड्यूमध्ये धरली जाते. नेहमी 4 हजार येणारा मिनिमम ड्यू अचानक 30 हजार दिसला, तर ती छपाईची चूक नसते. ऑटो डेबिट लावलेलं असेल तर खात्यात तेवढे पैसे लागतील. अशा वेळी ड्यू डेटच्या आधी बँकेला गाठून हप्ते पाडून घ्यावेत, नंतर नाही.

एवढं सगळं मी तुमच्या पत्रातल्या माहितीवरून बोलते आहे. तुमच्या रिपोर्टमध्ये तुम्हालाच माहीत नसलेलं काही असू शकतं, म्हणून या आठवड्यात तो काढा. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत देतात. स्कोअरचा आकडा बघून थांबू नका. प्रत्येक खात्याखाली महिनावार चौकटी असतात, त्यात किती दिवस उशीर झाला ते लिहिलेलं असतं. ‘000’ म्हणजे वेळेवर. कुठे ‘030’ दिसलं तर तिथे थांबा. आणि खातं कोणाच्या नावावर आहे तो रकानाही वाचा. आपल्याकडे चुलतभावाच्या किंवा सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन राहणं ही नात्यातली गोष्ट असते, सही केल्यावर विसरून जातो. पण नागरी सहकारी बँकेतल्या कर्जाचे जामीनदारही रिपोर्टवर येतात आणि कर्जदाराने हप्ते चुकवले तर त्याचा उशीर तुमच्या खाती दिसतो. तुम्ही न घेतलेलं कर्ज दिसलं किंवा फेडलेलं अजून चालू दिसलं तर त्या कंपनीच्या संकेतस्थळावरच तक्रार नोंदवा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाईची तरतूद आहे.

बँकेने कार्ड पूर्णच बंद केलं तर काय, असंही काही वाचक विचारतात. चालू हप्ते आणि बाकी आपोआप माफ होत नाहीत, त्या नेहमीच्या तारखांना भरत राहायच्या. खात्यात तुमचे जास्तीचे पैसे असतील तर ते बँकेने तुमच्या बचत खात्यात द्यायला हवेत. सगळं फिटलं की ‘काही देणं नाही’ असं पत्र घ्या आणि महिन्याभराने रिपोर्टवर ‘क्लोज्ड’ लिहिलंय याची खात्री करा. वसुलीवाल्याने ‘थोडे कमी भरा, मिटवून टाकू’ म्हटलं तर हरखून जाऊ नका. तिथे ‘सेटल्ड’ अशी नोंद होते आणि ती पुढच्या कर्जाच्या वेळी वर्षानुवर्षं नडते. ‘तुमची लिमिट परत वाढवून देतो, ओटीपी सांगा’ असे फोन या काळात हमखास येतात. ते बँकेचे नसतात.

होम लोनसाठी शेवटची गोष्ट. अर्ज दोघांचा असेल, तेव्हा नवऱ्याचाही रिपोर्ट आजच काढून शेजारी ठेवा. अनेक बँका कार्डावरच्या बाकीच्या 5 टक्के रक्कम मासिक हप्त्यासारखी धरतात, म्हणजे तुमच्या 64 हजारांपोटी 3,200 रुपये. ॲपच्या कर्जाचा हप्ता त्यावर मिळवला की किती होम लोन बसेल ते कळतं. दुसरं कार्ड आधी फेडून मग शक्य झालं तर ते ॲपचं कर्जही मुदतीआधी बंद करा, फोरक्लोजरचा आकार विचारून. फेडल्यावर ते रिपोर्टवर बंद दिसायला दोन-तीन पंधरवडे जाऊ द्या आणि मगच होम लोनचा अर्ज टाका.